प्लेग्रुपची खरी फी आणि पहिले सहा आठवडे

डिसेंबर उजाडला की सोसायटीच्या गेटवर आणि वर्तमानपत्राच्या घडीत प्लेग्रुपची पत्रकं यायला लागतात. रंगीत फुगे, हसरी मुलं आणि खाली ठळक अक्षरांत ‘वार्षिक फी फक्त ३८,०००’. पत्रकात दोन गोष्टी सापडत नाहीत. वर्ष संपेपर्यंत खिशातून एकूण किती जाणार, ही एक. मूल तिथे रुळलंच नाही तर भरलेल्या पैशांचं काय, ही दुसरी. या दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. प्लेग्रुपवर वाया जाणारा पैसा बहुतेक वेळा मुलाच्या तयारीचा अंदाज न घेता वर्षाची फी एकदम भरल्यामुळे जातो.

हिशेब नीट कळावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणारं, दोघंही नोकरी करणारं जोडपं आहे. मुलीचा जन्म ऑक्टोबर २०२३ चा. आजी वर्षातले काही महिने इथे, बाकी गावी. जून २०२६ मध्ये तिला प्लेग्रुपला घालायचं चाललं आहे. पुढचे रुपयांचे आकडे या उदाहरणासाठी धरले आहेत. गल्लीतल्या घरगुती प्लेग्रुपला यापेक्षा बरेच कमी लागतील, मोठ्या नावाच्या साखळीत दुपटीहून जास्त. आपापल्या भागातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

कागदावरचं तीन आणि जूनमधलं तीन

महाराष्ट्रात प्लेग्रुप किंवा नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात आणि पहिलीसाठी सहा. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ही तारीख ठरवून दिली. आपल्या उदाहरणातली मुलगी ३१ डिसेंबर २०२६ ला तीन वर्षं दोन महिन्यांची होईल, म्हणजे नियमात बसते. पण वर्ग जूनमध्ये सुरू होतो आणि तेव्हा ती दोन वर्षं आठ महिन्यांची असेल. डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल तर जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असतं. त्याच सतरंजीवर शेजारी जानेवारीत जन्मलेलं, साडेतीन वर्षांचं मूलही बसलेलं असतं. या वयात एका वर्षाचा फरक फार मोठा. एक मूल डबा उघडून खातं, बूट घालतं, ‘टीचर, मला शू आली’ म्हणून सांगतं. दुसऱ्याला यातलं काहीच अजून जमत नसतं. मग आईवडील दोघांची तुलना करतात आणि लहान मूल ‘मागे’ आहे असं ठरवून मोकळे होतात.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाचं जूनमधलं वय महिन्यांत मोजा. ते तीन वर्षांच्या आत असेल तर तीन वाटा आहेत. जूनमध्ये सुरू करायचं, ही एक. दिवाळीनंतर मधूनच प्रवेश घ्यायचा, ही दुसरी. अनेक छोटे प्लेग्रुप तसा प्रवेश देतात आणि उरलेल्या महिन्यांपुरती फी घेतात. प्लेग्रुपच गाळून जून २०२७ मध्ये थेट ज्युनिअर केजीला घालायचं, ही तिसरी. तेव्हा ती तीन वर्षं आठ महिन्यांची असेल आणि वयाच्या नियमात व्यवस्थित बसेल. पहिलीला ती कुठल्याही वाटेने २०२९ मध्येच पोहोचेल. प्लेग्रुपचं वर्ष गाळल्याने पुढचं वर्ष वाया जात नाही, हे आजी-आजोबांनाही एकदा कॅलेंडर पुढे ठेवून दाखवावं.

थांबण्याची किंमत आहे ती वेगळीच. ज्या मोठ्या शाळेत नर्सरी हाच पहिला वर्ग असतो, तिथे बहुतेक जागा नर्सरीतच भरतात आणि ज्युनिअर केजीला उरलेल्या मोजक्या मिळतात. अशी एखादी शाळा मनात असेल तर तिचा प्रवेश नेमका कुठल्या वर्गापासून सुरू होतो आणि ती वयासाठी कोणती तारीख धरते, हे शाळेच्या कार्यालयात जाऊन विचारा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागाही शाळेच्या या प्रवेशवर्गावरच ठरतात. याउलट, स्वतंत्र चालणाऱ्या प्लेग्रुपमधून कुठल्याही मोठ्या शाळेत आपोआप प्रवेश मिळत नाही. ‘आमची मुलं अमुक शाळेत जातात’ हे वाक्य ऐकून फी भरू नये.

तयारी म्हणजे काय

एबीसीडी, रंगांची नावं, वीसपर्यंत अंक यांचा प्लेग्रुपच्या तयारीशी संबंध नाही. ते येत असलं तरी मूल दारात रडतं आणि येत नसलं तरी छान रमतं. बघायच्या गोष्टी चार आहेत आणि चारही घरी तपासता येतात.

पहिली म्हणजे आईवडील नसताना दुसऱ्या माणसाजवळ राहणं. ज्या मुलीने आजवर आई-बाबा किंवा आजीशिवाय एक तासही काढलेला नाही, तिला अनोळखी खोलीत तीन तास ठेवणं ही मोठी उडी आहे. मे महिन्यात आत्याकडे किंवा शेजारच्या काकूंकडे आधी अर्धा तास, मग एक, मग दोन तास ठेवून बघा. ती सुरुवातीला रडेल. रडणं थांबायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेच्या यादीत तीन वर्षांच्या मुलाची एक खूण अशी दिली आहे: सोडून गेल्यावर दहा मिनिटांच्या आत शांत होणं. घरच्या तालमीसाठी हे माप चांगलं आहे.

दुसरी, हवं-नको सांगणं. स्पष्ट वाक्य नको. दोन-तीन शब्द जोडून परक्या माणसाला कळेल इतकं पुरे. इथे मराठी घरांत एक अडचण हमखास येते. घरात ‘शू’, ‘शी’, ‘भू’ आणि वर्गात सगळं इंग्रजीत. मुलीला सांगता येत असतं, पण समोरच्याला कळत नाही आणि चड्डी ओली होते. घरात वापरले जाणारे असे शब्द एका कागदावर लिहून टीचर आणि मावशींना पहिल्याच दिवशी द्या.

तिसरी, शू-शी. पूर्ण सवय झालेली असावी ही अट अनेक प्लेग्रुप घालतात, काही डायपर चालवून घेतात. आधी विचारून ठेवा. सवय सुरू असेल तर मे महिन्यात दिवसाचं डायपर काढून टाका आणि बटणांच्या, चेनच्या पँट बाजूला ठेवून इलॅस्टिकच्या चड्ड्या वापरा. पँट स्वतः खाली ओढता येणं ही अर्धी लढाई आहे.

चौथी, डबा. घरी भरवलं जाणारं मूल वर्गात उपाशी बसतं, कारण पंधरा मुलांना कुणी भरवत नाही. शाळेत द्यायचा तोच डबा महिनाभर आधी घरात वापरा. झाकण तिला उघडता येतं का ते बघा. रबरी कडेचे घट्ट डबे तीन वर्षांच्या बोटांना उघडत नाहीत.

या चारपैकी दोन-तीन जमत असतील तर सुरुवात करायला हरकत नाही, बाकीचं तिथे शिकता येतं. पण एका बाबतीत प्लेग्रुपच्या भरवशावर राहू नये. तिसरं वर्ष पुरं होत आलं तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा इतर मुलांकडे बघतही नसेल, तर ‘शाळेत घातलं की बोलायला लागेल’ हा सल्ला बाजूला ठेवा. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी मोफत होते. या मुलांनाही शाळा लागतेच, पण नेमकी गरज कळल्यावर निवडलेली.

३८ हजारांचे ७९ हजार कसे होतात

आता आपल्या उदाहरणातला वर्षाचा खर्च मांडू.

- प्रवेश फी, एकदाच आणि परत न मिळणारी: ८,०००
- वार्षिक फी, पत्रकातली: ३८,०००
- ‘किट’, म्हणजे दप्तर, पुस्तकं, रंग, दोन गणवेश, ओळखपत्र: ६,५००
- स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, सणांच्या दिवसांचं साहित्य: ४,०००
- व्हॅन, महिना १,५०० प्रमाणे दहा महिने: १५,०००
- रेनकोट, डबा-बाटली, जास्तीच्या चड्ड्या आणि कपडे: ३,०००
- डॉक्टर आणि औषधं, पाच खेपा, प्रत्येकी ९००: ४,५००

बेरीज ७९,०००. पत्रकातल्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त. यातली व्हॅन टाळता येते. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा साधा प्लेग्रुप निवडला तर १५ हजार तिथेच वाचतात आणि पावसात अडकलेल्या व्हॅनमधलं रडणंही. किटमध्येही वाव असतो. दप्तर आणि बाटली घरची चालेल का, असं विचारलं तर काही ठिकाणी रक्कम कमी करतात. विचारणारेच कमी असतात.

दुसरा हिशेब तासांचा करावा. जूनच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सुट्ट्या वगळून साधारण १७० दिवस वर्ग भरतो असं धरू. पहिल्या वर्षी सर्दी-तापात वीस दिवस तरी जातील, म्हणजे उरले १५०. रोज तीन तास. ७९ हजारांना साडेचारशे तासांनी भागलं तर तासाला सुमारे १७५ रुपये पडतात. दोन प्लेग्रुपची तुलना करताना वार्षिक फी शेजारी शेजारी ठेवू नका, हा तासाचा दर ठेवा. एका ठिकाणी फी जास्त दिसते पण वर्ग चार तास आणि शनिवारीही असतो. दुसरीकडे फी कमी, पण वर्ग दोन तास आणि सुट्ट्या भरपूर.

आणि नोकरी करणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच धरून चालावं की प्लेग्रुप म्हणजे पाळणाघर नव्हे. साडेबाराला मूल घरी येतं. दुपारची सोय म्हणून पाळणाघर लागलं तर त्याचा महिन्याचा खर्च प्लेग्रुपच्या महिन्याच्या फीपेक्षा जास्त होऊ शकतो. दोन्ही एकाच छताखाली असलेली जागा मिळाली, तर थोडी जास्त फी देऊनही एकूण स्वस्त पडते आणि मुलीला दिवसातून दोनदा नव्या माणसांशी जुळवून घ्यावं लागत नाही.

पैसे कसे भरावेत

प्रवेशाच्या वेळी समोर दोन पर्याय ठेवले जातात. वर्षाची फी एकदम भरली तर १० टक्के सवलत, नाहीतर तीन हप्ते. एकदम भरले तर ३८ हजारांचे ३४,२०० होतात, ३,८०० वाचतात. आता समजा मुलगी सहा आठवड्यांत रुळली नाही आणि जुलैअखेर तिला काढावं लागलं. एकदम भरलेले ३४,२०० बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत. हप्त्याने भरले असते तर गेले असते पहिल्या हप्त्याचे १२,७००. म्हणजे ३,८०० रुपये वाचवण्यासाठी आपण जास्तीच्या २१,५०० रुपयांचा धोका पत्करतो. पहिल्याच मुलासाठी, तेही पावणेतीन वर्षांच्या, हा सौदा बरा नाही. पहिला हप्ता भरा, दुसरा दिवाळीच्या सुमारास.

परताव्याचा नियम तोंडी विचारू नका. ‘मूल रुळलं नाही तर बघू ना, घरचेच आहोत आपण’ हे जानेवारीतलं वाक्य जुलैत कुणाला आठवत नाही. प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत ‘भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं आणि खाली आपली सही. सही करण्यापूर्वी ते पान वाचा. सहा आठवड्यांत काढल्यास किती रक्कम परत, हे हाताने लिहून संचालकांची सही घ्या किंवा त्यांच्याकडून तसा ई-मेल मागवा. द्यायला तयार नसतील, तर तुमचा पहिला हप्ता तेवढा लहान ठेवा.

पावतीकडे दोन कारणांसाठी लक्ष द्यावं. शालापूर्व शिक्षणाच्या फीवर जीएसटी लागत नाही. शालापूर्व ते बारावीपर्यंतच्या शिक्षणाला त्यातून सूट आहे. फीच्या रकमेवर १८ टक्के लावलेले दिसले तर कशावर लावले ते विचारा. दुसरं, प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत शिक्षण शुल्काची वजावट प्लेग्रुप आणि नर्सरीच्या फीलाही मिळते. ‘८० सी’ या नावाने सगळे ओळखतात ती हीच, दीड लाखाच्या एकूण मर्यादेतली. पण ती फक्त शिक्षण शुल्काला. विकास निधी, देणगी, व्हॅन, किट यांना नाही. म्हणून पावतीवर एकच मोठा आकडा न घेता शिक्षण शुल्क वेगळं लिहून घ्या. आपल्या उदाहरणातले वडील जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील आणि त्यांची दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधीने आधीच भरलेली नसेल, तर ३८ हजारांवर उपकरासह सुमारे ७,९०० रुपये कर वाचेल. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही.

बघायला जाल तेव्हा

सजवलेला वर्ग सगळे दाखवतात. तुम्ही आधी संडास बघायला मागा. भांडं मुलाच्या उंचीचं आहे का, जमीन कोरडी आहे का, दाराला आतून कडी आहे का (असू नये), आणि मुलाला धुवायला कोण जातं, याची उत्तरं तिथेच मिळतात. मावशी एक आणि मुलं तीस असतील तर शी झालेलं मूल वाट बघत उभं राहणार. मग ती मुलं शाळेत शी-शू दाबून धरायला शिकतात आणि घरी बद्धकोष्ठता सुरू होते. या तक्रारीसाठी मुलाला डॉक्टरांकडे नेणाऱ्या आईवडिलांना शाळेच्या संडासाची आठवण बऱ्याच उशिरा होते.

दुसरा प्रश्न मुलांच्या संख्येचा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षक आणि सोबत एक मदतनीस असं प्रमाण आहे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असंही म्हटलं आहे. या सूचना आहेत, त्यामुळे त्या सगळीकडे पाळल्या जातात असं नाही. पण प्रश्न विचारताना हा आकडा हाताशी असावा. ‘वर्गात किती’ असं न विचारता ‘वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एका खोलीत किती मुलं आणि किती मोठी माणसं असतील’ असं विचारा.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: ‘पहिल्या दिवसांत आईवडिलांना आत बसू देता का?’ ‘नाही हो, आई दिसली की मूल जास्त रडतं, दारातच द्यायचं, दोन-चार दिवसांत सवय होते’ असं उत्तर आलं तर ते ठिकाण रांगेत शेवटी ठेवा.

पहिले सहा आठवडे

जर्मनीतल्या पाळणाघरांत आणि बालवाड्यांत ‘बर्लिन पद्धत’ नावाची एक रीत रूढ आहे. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासभर वर्गात बसतात आणि कुणीही कुठे जात नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन बाहेर जायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर एक दिवस पुढे ढकलायचा, कारण शनिवार-रविवार घरी काढून आलेलं मूल सोमवारी जास्त चिकटतं. आपल्याकडे इतकी सवड मिळत नाही, पण त्यामागचं तत्त्व पुण्यातही पाळता येतं: आधी ओळख एका मोठ्या माणसाशी, मग वियोग, आणि वियोगाचा वेळ हळूहळू वाढवायचा.

आपल्या जोडप्याने हे असं बसवावं. सुरुवातीच्या दहा शाळेच्या दिवसांसाठी दोघांनी पाच-पाच अर्ध्या रजा आधीच राखून ठेवायच्या. पहिले दोन-तीन दिवस आई तासभर वर्गाच्या कोपऱ्यात बसेल. मुलीशी खेळायचं नाही, नुसतं दिसत राहायचं, म्हणजे ती टीचरकडे वळेल. मग पंधरा-वीस मिनिटं बाहेर, पुढच्या दिवशी एक तास, आठवड्याच्या शेवटी दीड. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ, पण दारापर्यंत सोडायला रोज एकच माणूस. वडिलांकडून सोडल्यावर मूल कमी रडत असेल तर सोडायचं काम वडिलांचं. आजी गावाहून येणार असेल तर जूनमध्ये यावी, जानेवारीत नाही.

निरोप कसा घ्यायचा यावर सगळं अडतं. मूल खेळण्यात रमलं की मागच्या दाराने सटकायचं, ही सर्रास वापरली जाणारी युक्ती सर्वांत महाग पडते. एकदा आई न सांगता गायब झाली की पुढचे कित्येक दिवस मुलगी खेळायलाच बसत नाही, सतत दाराकडे लक्ष ठेवते. त्याऐवजी रोज एकच ठरलेला क्रम ठेवा: चपला काढायच्या, दप्तर खुंटीला, एक पापी, ‘खाऊ झाला, गाणी झाली की मी येते’, आणि निघायचं. अर्ध्या मिनिटात. तिला साडेबारा म्हणजे काय ते कळत नाही, पण खाऊनंतर गाणी आणि गाण्यांनंतर आई हे कळतं. मात्र मग गाणी संपताना आई दारात हवीच. पहिल्या दोन आठवड्यांत दहा मिनिटांचा उशीरही सगळं उलटं फिरवतो. निघाल्यावर रडण्याचा आवाज ऐकून परत आत यायचं नाही. परत आलात तर जास्त जोरात रडलं की आई येते, हे ती एका दिवसात शिकते.

दुपारी टीचरना ‘आज रडली का?’ असं विचारू नका. सगळ्या टीचर ‘थोडीशी’ म्हणतात. किती वेळ रडली, कशाने थांबली, डबा किती संपला, शूला गेली का, असं विचारा. ‘दहा मिनिटं, बाहुलीचा पाळणा दिल्यावर थांबली, पोळीचे दोन रोल खाल्ले’ असं उत्तर मिळालं तर कुणीतरी तिच्याकडे खरंच बघतं आहे. काही ठिकाणी मोबाइलवर वर्गाचा कॅमेरा दाखवतात. दिवसभर तो बघत बसल्याने आईचीच घालमेल वाढते, आणि तो बाकी कुणाकुणाला दिसतो हेही विचारावं.

दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पहिल्या आठवड्यात हसत गेलेलं मूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात रडायला लागतं. नवलाई संपते आणि हे आता रोजचंच आहे हे त्याला कळतं. याचा अर्थ शाळेत काही घडलं असा बहुतेक वेळा नसतो. तसंच प्रत्येक सुट्टी आणि प्रत्येक आजारपणानंतर गाडी दोन-तीन दिवस मागे जाते. जून ते सप्टेंबर सर्दी-खोकला येतच राहतो, शिवाय पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथही फिरते. ताप असताना किंवा फोड ओले असताना मुलीला पाठवायचं नाही. तेव्हा घरी कोण थांबणार हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर अर्धा ताप उतरलेली मुलगी औषध पाजून शाळेत पाठवली जाते. लसींचं कार्डही जूनआधी डॉक्टरांना एकदा दाखवा.

कधी थांबायचं

चार आठवडे नियमित जाऊनही रडणं वीस-तीस मिनिटांखाली येत नसेल, घरी झोप आणि जेवण बिघडलं असेल, आधी कोरडी असलेली मुलगी पुन्हा रोज अंथरूण ओलं करत असेल, तर टीचरबरोबर बसा. वेळ अर्धा करून दोन आठवडे बघा. सहाव्या आठवड्यातही फरक नसेल तर काढून घ्या आणि दिवाळीनंतर किंवा पुढच्या जूनमध्ये पुन्हा प्रयत्न करा. पहिलीचं गणित बिघडत नाही, हे वर आलंच आहे. मात्र मूल एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढताच आक्रसत असेल, अंगावर वळ दिसत असतील किंवा कपडे बदलू देत नसेल, तर सहा आठवड्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी शाळेत पाठवणं थांबवून चौकशी करा.

फी परवडत नसेल किंवा एवढे पैसे घालायची इच्छा नसेल, तर जवळची अंगणवाडी आधी बघून या. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या या अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शालापूर्व शिक्षण आणि आहार मोफत मिळतो, आणि महाराष्ट्रात त्यासाठी ठरवलेला अभ्यासक्रमही आहे. पुणे-मुंबईत महापालिकांच्या बालवाड्याही चालतात. दर्जा सेविकेवर आणि जागेवर अवलंबून असतो. एखादी अंगणवाडी उत्तम असते, एखादी एका अंधाऱ्या खोलीत भरते. एक सकाळ तिथे बसून कळतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे ओळखीची एक ताई, खेळायला जागा, बरोबरीची मुलं आणि वेळेवर खाऊ, तिथे मिळत असतील तर ७९ हजारांतले बहुतेक वाचतात.

आमचा सल्ला असा आहे. जूनमधलं वय तीनच्या आत असेल तर घाई करू नका. घालायचंच ठरलं तर पायी जाण्याच्या अंतरावरचं, संडास स्वच्छ असलेलं आणि आईवडिलांना आत बसू देणारं ठिकाण निवडा. परताव्याची अट लेखी घ्या, आणि सवलतीच्या मोहात न पडता फक्त पहिला हप्ता भरा.